ग्रुपला कुलूप लावणं ही शिस्त नाही

सरळ मुद्द्यावर येतो. ग्रुपमध्ये माणसं वाढली, गोंधळ सुरू झाला की आपल्याकडचे अ‍ॅडमिन एकच औषध काढतात. 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' ही सेटिंग चालू करतात, वर एक लांबलचक मेसेज टाकतात की 'काही सदस्यांच्या वागण्यामुळे नाइलाजाने हा निर्णय घ्यावा लागत आहे', आणि झोपी जातात. दुसऱ्या दिवशी ग्रुप शांत असतो. मग त्या शांततेलाच शिस्त म्हणायचं.

मला हे मान्य नाही. का नाही, ते सांगतो.

मी सरदारपूरचा. बेळगाव, निपाणी, भालकीच्या पोरांना हे गाव ठाऊक असण्याचं कारण नाही. मध्य प्रदेशात धारच्या पश्चिमेला, माही नदीच्या काठी वसलेलं तालुक्याचं गाव. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, त्यामुळे या बाजूला मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले, एवढी तरी ओळख पुरेशी आहे. आमच्या गावात मराठी घरं मोजकी. बाजारात माळवी-हिंदी आणि घरात मराठी. म्हणून आमची खरी वस्ती फोनमध्ये आहे. धार, देवास, इंदूर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या मराठी घरांचा टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, आणि मी त्याच्या आठ अ‍ॅडमिनपैकी एक. व्हॉट्सअ‍ॅपवर एका ग्रुपमध्ये 1,024 पेक्षा जास्त माणसं बसत नाहीत. टेलिग्रामवर दोन लाखांपर्यंत बसतात. म्हणून तिकडे गेलो.

आता गोंधळाचं बोलू. गोंधळ हा एक रोग नाही, तीन वेगळे रोग आहेत, आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. पहिला रोग, थोडी माणसं फार बोलतात. दुसरा, दहा विषय एकाच ओळीत कोंबले जातात. तिसरा, महत्त्वाची सूचना वाहून जाते. पहिल्यावर स्लो मोड, दुसऱ्यावर टॉपिक्स, तिसऱ्यावर फक्त अ‍ॅडमिनने लिहिणं. आपले लोक करतात काय, तर तिसऱ्याचं औषध तिन्हींना पाजतात. ताप, खोकला, पाय मुरगळला, सगळ्याला तीच गोळी.

आमच्यातले एक काका मागे म्हणाले होते, "बाळा, बंद करून टाक. लोकांना शिस्त नाही. महिनाभर बंद ठेवलास की आपोआप सुधारतील." काकांचा मी मान राखतो, पण मी त्यांना म्हटलं, काका, आधी एक तास मोजून बघू, कोण किती बोलतंय ते.

प्रवेशाचे दिवस होते. संध्याकाळी आठ ते नऊ या तासाभरात ग्रुपमध्ये 412 मेसेज आले. वाचणाऱ्याला वाटणार, साडेतीन हजार माणसं एकदम ओरडतायत. प्रत्यक्षात लिहिणारे फक्त 31 जण होते. आणि त्यांतल्या सहा जणांचे मेसेज 290. म्हणजे तासाला एकेकाचे सरासरी 48. उरलेल्या 25 जणांचे मिळून 122, म्हणजे माणशी पाचच्या आत. ते 25 जण विचारत होते, फॉर्म कुठे भरायचा, जातीचा दाखला कुठल्या राज्याचा चालतो, मुलींचं होस्टेल कधी उघडतं. आणि त्यांचे प्रश्न त्या सहा जणांच्या गप्पांखाली गाडले जात होते.

आता बघा, काकांचं औषध दिलं असतं तर काय झालं असतं? सहा बडबडे गप्प झाले असते, आणि त्यांच्यासोबत ते 25 गरजू पण. गुन्हा सहाचा, शिक्षा साडेतीन हजारांना.

स्लो मोड याच ठिकाणी कामाला येतो. टेलिग्राममध्ये ग्रुपच्या `Permissions` मध्ये गेलात की खाली `Slow Mode` दिसतो. 10 सेकंद, 30 सेकंद, 1 मिनिट, 5 मिनिटं, 15 मिनिटं, 1 तास अशा पायऱ्या आहेत. 2019 पासून ही सोय आहे, तरी निम्म्या अ‍ॅडमिननी ती उघडून बघितलेली नसते. चालू केलं की प्रत्येक सदस्याला एक मेसेज टाकल्यावर तेवढा वेळ थांबावं लागतं. लक्षात घ्या, घड्याळ ग्रुपचं नाही, माणसाचं आहे. मी बोललो म्हणून तुम्हाला थांबावं लागत नाही. मी बोललो म्हणून मलाच थांबावं लागतं.

पण पायरी कुठली निवडायची? इथे बहुतेक जण अंदाजाने बोट ठेवतात आणि मग 'स्लो मोडचा काही उपयोग नाही' म्हणतात. आमचाच हिशेब लावा. 1 मिनिट ठेवलं तर एका माणसाला तासाला साठ मेसेज टाकता येतात. आमचे बडबडे सरासरी 48 टाकतात. म्हणजे त्यांना काही फरकच पडला नसता. 10 आणि 30 सेकंदांचं तर बोलायलाच नको. 5 मिनिटं ठेवलं तर तासाला बारा. सहा जणांचे 290 चे 72 होतात, आणि माणशी पाच टाकणाऱ्या बाकीच्यांना जवळपास धक्का लागत नाही. 412 मेसेजचा तास दोनशेच्या आत येतो. 15 मिनिटं केलं तर तासाला चारच मिळतात, आणि मग कात्री त्या गरजू पंचवीसांवरही चालते. म्हणून आम्ही 5 मिनिटं ठेवलं, तेही रात्री आठ ते दहा, हाताने चालू-बंद करून. तुमच्या ग्रुपचा आकडा वेगळा येईल. पण रीत हीच. बडबड्यांना कापेल आणि सामान्य सदस्याला शिवणार नाही, अशी पायरी शोधायची.

स्लो मोडला दोष नाहीत असं मी म्हणत नाही. पहिला दोष नवख्याला लागतो. नवीन मुलगी ग्रुपमध्ये येते, सवयीने 'नमस्कार' लिहून पाठवते, आणि मग खरा प्रश्न विचारायला तिला पाच मिनिटं ताटकळावं लागतं. तोवर फोन बाजूला ठेवलेला असतो. उपाय साधा आहे. वर पिन केलेल्या मेसेजमध्ये ठळक लिहा, 'नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये टाका. तुमचं गाव, शिक्षण आणि काय हवं आहे ते त्यातच लिहा.' आणि काही राहिलं तर तोच मेसेज एडिट करता येतो, त्याला थांबावं लागत नाही, हेही लिहा. हे लोकांना माहीतच नसतं.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. स्लो मोड खोट्यालाही मंदावतो आणि खऱ्यालाही. कोणीतरी टाकलं, 'उद्यापासून फॉर्म बंद'. ते खोटं आहे हे ज्याला माहीत आहे त्याने दोनच मिनिटांपूर्वी दुसऱ्याला उत्तर दिलं असेल, तर त्याच्या तोंडाला अजून तीन मिनिटं कुलूप. एवढ्या वेळात अफवा चार ठिकाणी फॉरवर्ड झालेली असते. अ‍ॅडमिनला स्लो मोड लागू होत नाही, तो केव्हाही लिहू शकतो. ही सवलत नेमकी याच कामासाठी वापरायची असते, की खोटं दिसलं तर लगेच खोडायचं. पण आपले काही अ‍ॅडमिन काय करतात? दुसऱ्यांना पाच मिनिटं थांबवून स्वतः सलग वीस मेसेज टाकतात. हा दुटप्पीपणा लोकांना एका संध्याकाळीत कळतो. आमच्याकडे ठरलं आहे, स्लो मोड चालू असताना अ‍ॅडमिनने गप्पा मारायच्या नाहीत. दुरुस्ती आणि उत्तर, एवढंच.

आता अशी वेळ सांगतो जिथे स्लो मोडचा शून्य उपयोग. कोणाचा वाढदिवस असतो आणि दीडशे माणसं एकेकदाच 'हार्दिक शुभेच्छा' लिहितात. प्रत्येकाने एकच मेसेज टाकला, कोणी नियम मोडला नाही, पण तुमचा होस्टेलचा प्रश्न दीडशे केकच्या चित्रांखाली गेला. इथे बोलणारे फार आहेत, फार बोलणारे नाहीत. हा दुसरा रोग, विषयांची खिचडी. याचं औषध टॉपिक्स.

टेलिग्रामने 2022 च्या अखेरीस ही सोय दिली. ग्रुप एडिट करताना `Topics` चालू केलं की एकाच ग्रुपच्या आत वेगवेगळे कप्पे होतात. माणसं तीच, ग्रुप तोच, पण प्रत्येक कप्प्याची चर्चा वेगळी, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक कप्पा वेगळा म्यूट करता येतो. ज्याला शुभेच्छा नकोत त्याने तो कप्पा म्यूट करावा. शुभेच्छा देणाऱ्याला कोणी हटकायचं नाही, नको असलेल्याला कोणी छळायचं नाही.

आमचे कप्पे सहा आहेत. सूचना, प्रवेश आणि शिष्यवृत्ती, राहण्याची सोय, कार्यक्रम, शुभेच्छा, आणि गप्पा. यातला गप्पा म्हणजे मुळातला `General`. तो काढून टाकता येत नाही, पण नाव बदलता येतं आणि हवं तर लपवताही येतो. हे आवर्जून करा. `General` तसाच ठेवलात तर लोक सगळं तिथेच ओततात आणि बाकीचे कप्पे रिकामे राहतात. कप्पे सहा-सातपेक्षा जास्त नकोत. एका ग्रुपमध्ये मी चोवीस कप्पे पाहिले. 'शिक्षण', 'विद्यार्थी मार्गदर्शन', 'करिअर', 'प्रवेश' असे चार कप्पे एकाच कामासाठी. माणूस दारातच गोंधळतो आणि परत गप्पांमध्ये जाऊन लिहितो. म्हणून नवीन टॉपिक काढायचा अधिकार सदस्यांकडून काढून अ‍ॅडमिनकडे ठेवा. इथे मात्र अ‍ॅडमिनचा हक्क मला मान्य आहे, कारण त्याने कोणाचं तोंड बंद होत नाही.

आणि चुकीच्या कप्प्यात मेसेज आला तर? पुसून टाकून 'नियम वाचा' असं खेकसू नका. तो मेसेज योग्य कप्प्यात फॉरवर्ड करा, तिथेच उत्तर द्या, आणि जुन्या जागी दोन शब्द लिहा, 'दादा, उत्तर तिकडे दिलं आहे.' पंधरा दिवस हे काम चिकाटीने करावं लागतं. पुढे लोकच एकमेकांना सांगू लागतात.

टेलिग्रामची एक मर्यादा इथे सांगायला हवी. स्लो मोड आख्ख्या ग्रुपला एकच लागतो, कप्प्यागणिक वेगळा ठेवता येत नाही. गप्पांमध्ये एक ओळ लिहिलीत की प्रवेशाच्या कप्प्यातही पाच मिनिटं थांबा. डिस्कॉर्डवर प्रत्येक चॅनेलला वेगळा स्लो मोड ठेवता येतो, सहा तासांपर्यंत. पण आपल्या आया-मावश्या डिस्कॉर्डवर नाहीत, त्यामुळे ते बाजूला. आम्ही त्यातून धडा एवढाच घेतला, की आधी कप्पे करायचे, आणि त्यानंतरही दंगा उरला तरच स्लो मोड. कप्पे केल्यावर आम्हाला स्लो मोड रोज लागेनासा झाला.

आता कुलपाकडे वळू. फक्त अ‍ॅडमिनने लिहिण्याला माझा सरसकट विरोध नाही. टेलिग्राममध्ये एखादा टॉपिक बंद केला की तिथे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. आमचा सूचनांचा कप्पा असाच बंद आहे. तारखा, पत्ते, कागदपत्रांच्या याद्या तिथे राहतात आणि वाहून जात नाहीत. कुलूप कपाटाला असावं, घराला नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

घराला लावलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण. मी सदस्य असलेल्या दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपवर कागदपत्रं तपासणीची तारीख पडली, 14. खरी तारीख 12 होती. टाकणाऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं, घाईत झालं. कुक्षीच्या एका मुलीला खरी तारीख माहीत होती, तिने स्वतः नोटीस वाचली होती. पण ग्रुपला कुलूप. तिला लिहिता येईना. लोक त्या चुकीच्या सूचनेवर अंगठे देत होते आणि हात जोडत होते. तिने दोन अ‍ॅडमिनना वेगवेगळे मेसेज केले, ते रात्री उशिरा पाहिले गेले. तोवर कित्येकांनी 14 चं तिकीट काढलं होतं. उघड्या ग्रुपमध्ये ही चूक दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती. हजार माणसांच्या ग्रुपची ताकद काय? हजार जोड्या डोळे. कुलूप लावलं की डोळे उघडे राहतात पण तोंड बंद होतं, आणि अ‍ॅडमिनची चूक हीच ग्रुपची खरी बातमी होऊन बसते.

म्हणून सूचनांचा कप्पा बंद ठेवलात तरी शेजारी एक उघडा कप्पा हवाच, जिथे त्याच सूचनेवर प्रश्न विचारता येईल. प्रत्येक सूचनेखाली एक ओळ लिहा, 'शंका किंवा दुरुस्ती प्रवेशाच्या कप्प्यात लिहा.'

कुलूप नुकसान करतंय हे कसं ओळखायचं? तीन खुणा आहेत. अ‍ॅडमिनच्या खाजगी इनबॉक्समध्ये तोच प्रश्न दहा-वीस जण विचारू लागतात. सदस्य आपापले छोटे ग्रुप काढून तिथे खरी चर्चा करू लागतात. आणि सूचनेवर अंगठे पडतात पण कामाला माणूस येत नाही. या तीनपैकी दोन जरी दिसल्या तरी समजा, तुमचा ग्रुप आता नोटीस बोर्ड झाला आहे.

अ‍ॅडमिन लोकांची एक खरी भीती आहे, तिला हसून चालणार नाही. 'कोणी काही भलतं टाकलं तर पोलीस मला धरतील.' 9 नोव्हेंबर 2019 ला अयोध्येचा निकाल लागला तेव्हा देशभरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनी याच भीतीने कुलुपं लावली. माझ्या फोनमधल्या दोन ग्रुपची कुलुपं त्या दिवसापासून अजून निघालेली नाहीत. निकाल लागला, वर्षं उलटली, भीती तशीच.

या बाबतीत गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण माहीत असू द्या. ग्रुपमधल्या एका सदस्याने दुसऱ्या सदस्या स्त्रीबद्दल आक्षेपार्ह लिहिलं, आणि अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये अ‍ॅडमिनवरचा तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाचा रोख सोपा होता. अ‍ॅडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं. मेसेज येण्याआधी तो तपासू शकत नाही. सदस्याशी त्याचा आधीच संगनमत असल्याचं दाखवता आलं नाही, तर दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही.

याचा अर्थ अ‍ॅडमिन मोकाट सुटला असा घेऊ नका. त्याने स्वतः जे लिहिलं त्याला तोच जबाबदार. शिवाय तो निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. आम्ही मध्य प्रदेशात, बेळगावकर कर्नाटकात. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, त्याचा दाखला तेवढा देता येतो. आणि तणावाच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचा सोशल मीडियाबद्दल आदेश निघाला तर तो नीट वाचून पाळायलाच हवा. अशा वेळी दोन-चार दिवस कुलूप लावणं शहाणपणाचं आहे. पण लावतानाच लिहा की ते कधी काढणार. तारीख नसलेलं कुलूप गंजून तसंच राहतं.

ज्यांचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर आहे ते विचारतील, आमच्याकडे कुठे आहे स्लो मोड? नाहीच. टॉपिक्सही नाहीत. 2018 मध्ये तिथे अ‍ॅडमिनचं कुलूप आलं, आणि बरीच वर्षं मोठा ग्रुप आवरायला हाताशी तेवढंच होतं. त्यामुळेच आपल्या लोकांना कुलपाची सवय लागली. पण 2022 पासून तिथे कम्युनिटी काढता येते. एक सूचनांचा ग्रुप, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात, आणि त्याला जोडलेले वेगवेगळ्या विषयांचे उघडे ग्रुप. कपाटाला कुलूप आणि घर उघडं, ही रचना तिथेही होते. फक्त सदस्याला ज्या विषयात रस आहे त्या ग्रुपमध्ये त्याने स्वतः यावं. सगळ्यांना सगळीकडे ओढू नका, नाहीतर एका गोंधळाचे सहा गोंधळ होतील.

काका आता स्वतः राहण्याच्या सोयीचा कप्पा सांभाळतात. रोज सकाळी जुने भरलेले खोल्यांचे मेसेज काढून टाकतात आणि नवीन पोरांना घरमालकाशी कसं बोलायचं ते सांगतात. कुलपाचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

तुमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन 'लोकांना शिस्त नाही' म्हणत असेल तर त्याच्याशी भांडू नका. उद्या संध्याकाळी एक तास मोजा. किती मेसेज, किती माणसं, त्यांतली फार बोलणारी किती, आणि किती वेगळे विषय. चार आकडे कागदावर लिहा आणि ग्रुपमध्ये टाका. ग्रुपला आधीच कुलूप असेल, तर अ‍ॅडमिनला खाजगीत विचारा, कधी काढताय? आणि उत्तरात तारीख मागा.